दांड्यावरचा खालचा हात

आमच्या सासूबाईंची पाठ धरली ती भरदुपारी, रंगमंचाच्या अगदी मधोमध. नाट्यगृहात बातमी पसरायच्या आधीच त्यांनी "काही झालेलं नाही" असं दोनदा जाहीर करून टाकलं होतं. काही न झालेली ही बाई काटकोनात वाकलेली होती आणि सरळ होत नव्हती. मी बाहेरच्या दालनात पुसत होते, ते टाकून धावत आत गेले, तर वाकल्या वाकल्याच मला म्हणतात, "तू कशाला आलीस? दालन झालं का पुसून?"

हा असा स्वभाव. आम्ही दोघी एकाच नाट्यगृहात झाडलोटीच्या कामाला. माझा नवरा तिथेच दिव्यांचं काम बघतो, म्हणजे घरातली भांडणं कामावर आणि कामावरची घरी अशी सोय आयतीच झालेली. बाहेरचं दालन, जिने आणि संडास माझ्याकडे. आत, म्हणजे रंगमंच आणि खुर्च्यांच्या रांगा, सगळं त्यांचं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या आतल्या भागात मी केरसुणी लावलेली त्यांना चालत नाही. एकदा त्या तापाने फणफणल्या होत्या म्हणून मी चार रांगा झाडल्या, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच रांगा पुन्हा झाडल्या, माझ्यासमोर, एक शब्द न बोलता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. पण बोलणार कोणाला? अख्खं नाट्यगृह त्यांना मावशी म्हणतं आणि त्यांच्या बाजूचं आहे.

त्यांच्या या हट्टाला कारणही होतं, ते नाकारून चालणार नाही. रंगमंचावर नेपथ्याची कापडं ठोकतात, काढतात, आणि त्यांच्या बारीक पिना खाली सांडतात. नाचणारी मंडळी अनवाणी असतात. एक पीन राहिली तर कोणाचा तरी पाय गेला. सासूबाईंच्या हातून आजवर पीन राहिलेली नाही, आणि ही गोष्ट त्या स्वतः कधीच सांगत नाहीत, इतरांनी सांगावी अशी व्यवस्था मात्र करतात.

डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, वाकायचं नाही म्हणून बजावलं. आमच्या व्यवस्थापकांना सगळे पाठीमागे 'दोनमिनिट' म्हणतात, कारण कुठल्याही कामाला ते दोन मिनिटंच लागतात असं त्यांचं ठाम मत आहे. माणूस वाईट नाही. त्यांनी लगेच लांब दांड्याचे झाडू मागवले आणि सासूबाई परत कामावर आल्या त्या दिवशी नवा झाडू त्यांच्या हातात दिला. "मावशी, आता वाकायचं कामच नाही. उभ्या उभ्या दोन मिनिटांत रंगमंच साफ."

आणि मग खरी गोष्ट सांगितली. पुढच्या शनिवारी दुपारी मुलांचं नाटक आणि लगेच संध्याकाळी एका मोठ्या नृत्यमंडळाचा कार्यक्रम. मधे तासभर. तेवढ्यात आतलं सगळं झाडून झालं तर ठीक. नाही झालं, किंवा पुन्हा पाठ धरली, तर आतलं काम यंत्रवाल्या कंपनीकडे जाणार आणि सासूबाईंना दारावर तिकिटं फाडायला बसवणार. "स्टूल देईन, उशी देईन," दोनमिनिट म्हणाले. "पगार तोच."

पगार तोच म्हटल्यावर दुसरी कोणी खूश झाली असती. सासूबाई घरी आल्या आणि जेवल्या नाहीत. "स्टुलावर बसवणार म्हणे मला," एवढंच म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज असा झाला की मी भाजी वाढता वाढता थांबले. त्या बाईला रडताना मी पाहिलेलं नाही. त्या दिवशी जवळपास पाहिलं.

लांब झाडूची पहिली सकाळ मी विंगेत उभी राहून पाहिली. खरं म्हणजे मजा बघायला गेले होते. बाहेरचं दालन मी कधीपासूनच लांब दांड्याने झाडते आणि "आई, एकदा वापरून तर बघा" असं म्हणून मीच तोंडघशी पडलेली. पण पाहते तर काय, लांब झाडू हातात घेऊनही सासूबाई जवळजवळ तेवढ्याच वाकलेल्या. त्यांचा वरचा हात दांड्याच्या मधोमध होता आणि खालचा हात पार खाली, झाडूच्या केसांच्या जरा वर. दांड्याचा वरचा अर्धा भाग त्यांच्या खांद्यामागे रिकामाच डुलत होता. छोटी केरसुणी धरायची सवय लागलेल्या हातांनी लांब झाडूतली छोटी केरसुणी शोधून काढली होती आणि उरलेला दांडा नुसता मिरवायला ठेवला होता.

"आई, वर धरा की."

"वर धरला की झाडूत जोर येत नाही."

"जोर कशाला हवाय? केर आहे, शत्रू नाही."

त्या तशाच झाडत राहिल्या. दुपारपर्यंत पाठ पुन्हा ठणकायला लागली. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि निकाल दिला, "हे लांब झाडूचं थोतांड आहे. त्याच्यापेक्षा माझी केरसुणी बरी होती."

नृत्यमंडळ सरावाला आलं ते याच दिवसांत. त्यांच्याबरोबर एक फिजिओथेरपिस्ट होती, माझ्याच वयाची असेल. मेकअपच्या खोलीत एक चटई टाकून ती दिवसभर कोणाचे घोटे, कोणाच्या मांड्या दाबत बसायची. सगळे तिला डॉक्टरताई म्हणत. चहाच्या वेळी ती रंगमंचाच्या कडेला येऊन बसली आणि कप हातात तसाच धरून सासूबाईंकडे बघत राहिली.

"मावशी, पाठ दुखते ना?"

"नाही."

"डाव्या बाजूला जास्त?"

सासूबाईंचा झाडू थांबला. मग माझ्याकडे वळून, जणू मीच फितूर झाले होते अशा नजरेने, "तू सांगितलंस?"

"मी चकार शब्द बोलले नाही," मी म्हणाले, आणि ते खरं होतं.

"मला दिसतंय ते," डॉक्टरताई हसून म्हणाली. "कण्याची डावी बाजू धरून ठेवल्यासारख्या चालता तुम्ही. जरा इकडे या दोघी. आणि वहिनी, तुम्ही तुमचा हात मावशींच्या पाठीवर ठेवा. मी सांगण्यापेक्षा तुमच्या हातालाच कळू दे."

सासूबाईंच्या पाठीला हात लावायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. त्यांनाही ते आवडलेलं नव्हतं. पण डॉक्टरताईचा आवाज असा होता की माणूस ऐकतो. तिने सासूबाईंना त्यांची केरसुणी दिली आणि नेहमीसारखं वाकायला सांगितलं, अगदी थोडंसं. माझ्या तळहाताखाली, मणक्याच्या दोन्ही बाजूंना, दोन जाड दोऱ्या ताणल्यासारख्या टणक झाल्या.

"हे पाठीचे स्नायू. वरचं सगळं धड, डोकं, हात, हे पुढे कलंडू नये म्हणून ओढून धरतायत. आता आणखी वाका. पूर्ण. पाठ गोल होऊ द्या."

सासूबाई वाकल्या, आणि त्या दोऱ्या माझ्या हाताखाली एकदम सैल पडल्या. मला वाटलं, चला, आराम मिळाला. मी तसं बोललेही.

"आराम नाही तो," डॉक्टरताई म्हणाली. "स्नायूंनी हात वर केलेत. आता सगळं वजन मणक्यांना बांधणाऱ्या पट्ट्यांवर आणि मधल्या गाद्यांवर लटकतंय. तासन् तास असं लटकवून ठेवलं की एक दिवस त्या कुरकुरणारच. सरळ व्हा, मावशी. आता पाय थोडे फाकवा, गुडघे जरा सैल सोडा, पाठ सरळच ठेवा आणि बूड मागे न्या. मागे खुर्ची असेल तिथे बसायला निघाल्यासारखं. खुब्यातून वाका, कमरेतून नाही."

सासूबाईंनी बूड मागे नेलं आणि लगेच आजूबाजूला पाहिलं. समोर नाचणारी पोरं होती, पण त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही, ती दिवसभर तेच करत असतात. डॉक्टरताईने माझा हात घेऊन सासूबाईंच्या कुल्ल्यावर आणि मग मांडीच्या मागच्या बाजूला ठेवला. मी लाजेने चूर. पण तिथे स्नायू टणक झाले होते. कामाला लागले होते.

"बघा. हे शरीरातले सगळ्यात दणकट स्नायू, आणि इतकी वर्षं बसून खातायत. पाठीला अजूनही काम आहे, पण ते कणा जागेवर धरून ठेवायचं. ओझं उचलायचं काम आता हे करतायत. दुसरा हात कुठे असतो तुमचा झाडताना?"

सासूबाईंचा डावा हात सवयीने पाठीवर गेला होता, एखाद्या जमीनदारासारखा. डॉक्टरताईने तो उचलून मांडीवर टेकवला. "इथे ठेवा. धडाचं थोडं वजन या हातातून मांडीत उतरतं. पाठीला तेवढीच मदत."

"म्हणजे केरसुणीच चांगली," सासूबाई पटकन म्हणाल्या.

"कोपऱ्यात, खुर्चीखाली, थोडा वेळ, अशी धरून चांगली. इतका मोठा रंगमंच झाडायला नाही." तिने लांब झाडू उचलला, सासूबाईंसमोर धरला. दांड्याचं टोक त्यांच्या हनुवटीपाशी येत होतं. "माप अगदी बरोबर आहे. वरचा हात छातीपाशी, खालचा कमरेपाशी. उभ्या राहा."

त्या उभ्या राहिल्या, सरळ. मी पाठीला हात लावला तर त्या दोऱ्या जवळजवळ नव्हत्याच. मला खूप आनंद झाला. मी म्हटलं, "बघा, मी म्हणत होते ना. मी रोज अशीच झाडते."

"दाखवा बरं," डॉक्टरताई म्हणाली.

मी झाडू घेतला आणि ऐटीत दाखवला. ताठ उभी, डौलात उजवीकडून डावीकडे, उजवीकडून डावीकडे. सासूबाई आता माझ्या पाठीला हात लावत होत्या, डॉक्टरताईने सांगितल्यावरून, आणि फार उत्साहाने.

"पाठ मऊ आहे, पण पोटाच्या बाजू टणक होतायत," त्या म्हणाल्या.

"बरोबर. पोटाचे तिरके स्नायू, ते धड पिळतात. आणि पाय बघा त्यांचे."

सगळ्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. माझे पाय खिळे ठोकल्यासारखे एका जागी. वरचं सगळं शरीर पिळल्यासारखं फिरत होतं, नेहमी एकाच बाजूला.

"वाकत नाही हे छान. पण खाली पाय रुतलेले आणि वर धड पिळतंय, म्हणजे कमरेचा मणका रोज पिळला जातोय. संध्याकाळी उजव्या बाजूला कळ येते ना?"

येते. मी ती उशीची चूक समजत होते, नवऱ्याच्या घोरण्याची समजत होते, आणि त्यावरून दोनदा भांडलेही होते. सासूबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी चहा मागवला.

उपाय साधा होता. झाडूबरोबर पाय टाकायचा. झाडू डावीकडे जाताना वजन डाव्या पायावर, परत येताना उजव्या पायावर, आणि बेंबी, गुडघे, पावलं झाडू जाईल त्या दिशेला. मग वळण कमरेत होत नाही, खुब्यात होतं, आणि ज्या पायावर वजन असेल त्या बाजूचे खुब्याचे स्नायू कंबर तोलून धरतात. मधेच हात बदलायचे, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा वाटा. डॉक्टरताईने हे नाचातल्या पोरांना शिकवावं तसं ताल धरून शिकवलं. माझ्यापेक्षा सासूबाईंना ते लवकर जमलं, हे मला इथे लिहावं लागतंय.

वाटलं, सुटला प्रश्न. कसला सुटतोय. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी त्या छान सुरुवात करायच्या, पाय टाकत, ताठ, वरचा हात छातीपाशी. मग हळूहळू खालचा हात दांड्यावरून घसरायला लागायचा. आधी मांडीपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. त्याच्यामागे खांदा, खांद्यामागे पाठ. अर्धा रंगमंच होईपर्यंत बाई पुन्हा काटकोनात. मी विंगेतून ओरडायचे, "आई, हात." हात वर. चार फटकाऱ्यांनी पुन्हा खाली. मी दांड्याला लाल कापड बांधून दिलं, याच्या खाली हात न्यायचा नाही म्हणून. त्यांनी कापडासकट हात खाली नेला, गाठ सरकवत.

माझं डोकं फिरलं. शुक्रवारी मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्हाला बरं व्हायचंच नाहीये का? उद्या त्या स्टुलावर बसायचंय का?"

बोलले आणि जीभ चावली. सासूबाईंनी झाडू टेकवला, खाली बसल्या, आणि जमिनीवर बोट टेकवून काहीतरी उचललं. पीन होती. फळीच्या फटीत, फळीच्याच रंगाची.

"उभ्याने ही दिसत नाही मला," त्या म्हणाल्या. "हात नाही जात खाली. डोळे जातात. त्यांच्यामागे हात जातो."

इतके दिवस आम्ही सगळे त्यांच्या हातांशी आणि सवयीशी भांडत होतो, डॉक्टरताईसुद्धा. त्या वाकत होत्या ते बघण्यासाठी. वय झालेले डोळे आणि मधे दांड्याएवढं अंतर, त्यात वरून पडणारा सपाट पांढरा उजेड. त्या उजेडात पीन आणि फळी एकच दिसते. मला इतकी लाज वाटली की मी बाहेर गेले आणि संडास दुसऱ्यांदा धुतले.

परत आले तेव्हा नवरा सरावासाठी दिवे लावत होता. नाचाला विंगांमधून, अगदी पावलांच्या उंचीवर, आडवे दिवे लावतात, पायांवर झोत पडावा म्हणून. त्याने त्यातला एक पेटवला, बाकी सगळं बंद होतं. उजेड जमिनीला घासत गेला आणि अख्खा रंगमंच एकदम बदलला. केराचा कण न् कण उठून उभा राहिला. प्रत्येकाला स्वतःची लांबलचक काळी सावली. मी उभ्या उभ्या, रंगमंचाच्या पलीकडच्या टोकाला पडलेली पीन पाहिली. पीन म्हणजे पिनेची सावली, बोटाएवढी.

"बंद करू नका," मी ओरडले. "आईंना बोलवा."

सासूबाई आल्या. मी त्यांच्या हातात लांब झाडू दिला आणि बाजूला झाले. त्या बराच वेळ जमिनीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अरे, हा दिवा इतकी वर्षं इथेच होता?"

"हो," नवरा म्हणाला.

"आणि तू मला आज दाखवतोयस."

"तू कधी सांगितलंस का, दिसत नाही म्हणून?"

त्यांनी झाडायला सुरुवात केली. खालचा हात कमरेपाशी राहिला. मी पाहत होते, अगदी टक लावून. हात घसरला नाही. डोळ्यांना खाली जायची गरज नव्हती, म्हणून हातालाही नव्हती. डावा पाय, उजवा पाय, कंबर झाडूबरोबर. रंगमंच संपला तेव्हा त्यांनी झाडू उभा धरला आणि पाठीवर हात न ठेवता नुसत्या उभ्या राहिल्या. माझा जीव भांड्यात पडला.

शनिवारी दुपारचं मुलांचं नाटक संपलं आणि जे मागे राहिलं ते बघून दोनमिनिटसाहेबांचाही चेहरा उतरला. शेवटच्या प्रवेशात वरून रंगीत कागदाचे तुकडे उडवले होते, पोरांनी ते मुठीमुठीने उचलून रांगांमध्ये फेकले होते. खुर्च्यांखाली लाह्या, बिस्किटांचा चुरा, कोणाचा तरी एक मोजा. साहेब मधल्या वाटेत हाताची घडी घालून उभे राहिले. बाहेर संध्याकाळचे प्रेक्षक जमायला लागले होते.

सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला हाक मारली. आडवे दिवे लागले. त्यांनी मागच्या पडद्यापासून सुरुवात केली, सरळ पट्टे पाडत पुढे आल्या, मधे एकदा हात बदलले. कागद, चुरा, पिना, सगळं एका ओळीत पुढे सरकत होतं. साहेबांनी पाच-सहा वेळा घड्याळ पाहिलं, नंतर ते विसरले आणि नुसते बघत राहिले. केर सुपलीत भरायला सासूबाई गुडघ्यावर बसल्या, वाकल्या नाहीत. डॉक्टरताई विंगेतून अनवाणी चालत आली, पावलं घासत रंगमंचभर फिरली आणि नर्तकांना म्हणाली, "या."

आता रांगा. लांब झाडू तिथे फिरत नाही, दोन रांगांमध्ये दांडा अडकतो, आणि खुर्चीखालचं त्याला पोचत नाही. तिथे केरसुणीच लागते. सासूबाईंनी ती उचलली आणि खाली उतरल्या. मी बाहेरचं दालन संपवून दारात उभी होते. पहिली रांग त्यांनी डॉक्टरताईने शिकवल्याप्रमाणे झाडली, बूड मागे, हात मांडीवर. दुसरीही. तिसऱ्या रांगेच्या मध्यावर मांडीवरचा हात सुटला आणि पाठीवर गेला. पाठ गोल झाली. रांगा अजून पुष्कळ होत्या.

मी पुढे गेले नाही. गेले असते तर त्या माझ्या अंगावर आल्या असत्या, हे मला माहीत होतं. आणि खरं सांगू का, आदल्या दिवशी स्टुलाचं बोलले होते, त्यामुळे माझी हिंमत नव्हती.

त्या थांबल्या. खुर्चीच्या पाठीला धरून हळूहळू सरळ झाल्या. समोर साहेब, वर नर्तक, मागे दारात मी. सगळ्यांकडे एकदा बघून झालं, मग म्हणाल्या, "अगं, ये इकडे."

"मी?"

"दुसरी कोण आहे इथे?" केरसुणी माझ्यासमोर धरली. "खुब्यातून वाक. आणि खुर्चीच्या मागच्या पायाशी चुरा अडकतो, तिथे बघ."

साहेब जवळ आले. "मावशी, जमत नाहीये का?"

"जमतंय," सासूबाई म्हणाल्या. "जमवायचं आहे म्हणूनच तिला बोलावलं. रंगमंच माझा, रांगा हिच्या. बाहेरचं दालन मी लांब झाडूने झाडत जाईन सकाळी. हे दोघींचं काम आहे, साहेब. इतकी वर्षं मी एकटीने ओढलं, ते माझं चुकलं."

मी केरसुणी घेतली. तिची मूठ त्यांच्या हाताने झिजून गुळगुळीत झालेली होती, गरम होती. मी वाकले, बूड मागे, हात मांडीवर, आणि सासूबाई वाटेत उभ्या राहून मोठ्याने सूचना देत राहिल्या, "पाठ सरळ ठेव. अजून मागे. लाजतेस काय, मी लाजले का?" वर नर्तक हसत होते. मलाही हसू येत होतं. शेवटच्या रांगेपर्यंत गेले. त्यांनी एकही रांग पुन्हा झाडली नाही.

साहेबांनी बाहेरचे दरवाजे उघडायला सांगितले. जाता जाता म्हणाले, "त्या कंपनीला मी नाही म्हणून कळवतो," आणि लगेच कोणावर तरी खेकसायला निघून गेले.

पहिली घंटा झाली तेव्हा मी सासूबाईंना शोधत मागच्या खोलीत गेले. प्रयोग सुरू झाला की त्या तिथेच असतात, दार लोटून. आम्ही सगळे समजायचो की त्या झोपतात, आणि मी तर त्यावरून नवऱ्याला टोमणेही मारायचे. खोली रिकामी होती. त्या विंगेत होत्या, पडद्याच्या कडेला, ताठ उभ्या. पडदा वर गेला, आडवे दिवे लागले आणि ती पोरं अनवाणी धावत त्या जमिनीवर आली.

"आई, तुम्ही इथे?"

"नाच असा असतो होय," त्या नजर न हलवता म्हणाल्या.

"म्हणजे? इतकी वर्षं इथे काम करता आणि नाच पाहिला नाही?"

"कधी पाहणार? पडदा उघडायचा तेव्हा मी त्या खोलीत जमिनीवर आडवी पडलेली असायचे. पाठ सुटायला संपूर्ण प्रयोग लागायचा. मग उठायचे आणि पुन्हा झाडायला यायचे."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तशी त्यांनी मला कोपराने हळूच ढोसलं.

"गप्प बस," त्या म्हणाल्या. "बघू दे मला."